ती म्हणजे कोण?

सोसायटीच्या कमिटीची मीटिंग साडेआठची. काल मी पोचलो तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि ऑफिसबाहेर चपलांचे सात जोड होते. आतल्या आवाजाचं एक वाक्य संपू दिलं आणि मग दार ढकललं. ते जरा वर उचलून ढकललं की कुरकुरत नाही.

नमस्कार एकदाच, छातीपाशी, अध्यक्षांकडे बघून. बाकीच्यांना नुसती मान. मोठ्याने 'सॉरी, सॉरी, ट्रॅफिक' म्हणणारे आमच्याकडे आहेत. त्यांच्या ट्रॅफिकमध्ये मग सगळी मीटिंगच अडकते, कारण पुलाचं काम कधी संपणार हा विषय कुणीतरी काढतोच. दाराजवळची खुर्ची मी उचलून घेतली. फरशीवर ओढली तर किंचाळते. शेजारच्या आजोबांनी सह्यांची वही पुढे केली आणि विषयपत्रिकेवर चार नंबरवर बोट ठेवलं. चार म्हणजे 'दुरुस्तीची कामे'. त्यात आमची अर्धी इमारत येते.

खरी पंचाईत इथून पुढे. बोलणं रंगात आलं की नामं मागे पडतात, सर्वनामं तेवढी उरतात. 'ती आता बदलूनच टाकू.' कोण ती? मागच्या वर्षी मी ही 'ती' म्हणजे लिफ्ट समजलो आणि देखभालीच्या करारावर दोन मिनिटं बोललो. चांगलं बोललो, असं अजूनही वाटतं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग सेक्रेटरीबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, गच्चीवरच्या टाकीचं चाललंय."

तेव्हापासून आधी लिंग बघतो. 'तो' असला तर बहुधा पंप, 'ते' असलं तर गेट नाहीतर कोटेशन. 'ती' मात्र घात करते. टाकी, लिफ्ट, भिंत, मोटर, सगळ्या तीच. मग क्रियापदाची वाट बघायची. टाकी गळते, लिफ्ट अडकते, मोटर जळते. काल खजिनदार म्हणाले, "दरवर्षी रंगवतो, तरी दिवाळीपर्यंत तिला पोपडे धरतात." म्हणजे भिंत. पण कुठली? "तिसऱ्या मजल्यापर्यंतच," कुणीतरी म्हणालं. जिन्याची! माझ्या बाथरूमला लागून असलेली.

तरी लगेच तोंड उघडलं नाही. खजिनदार पुन्हा रंगावर आले, तेव्हा त्यांचाच शब्द उचलला.

"रंगाचंच विचारतो, पाऊस थांबून महिना झाला, तरी डाग ओला आहे ना?"

"आहे की."

"मग हे पाणी पावसाचं नसावं. पाइप माझ्याच बाथरूमचा असेल."

सेक्रेटरीबाईंनी लिहून घेतलं. खजिनदारांनी चष्मा काढला.

"बरं, मग प्लंबर कुणाच्या खर्चाने?"