आधी स्वर, मग तंबोरा

मिरजेत आमच्या दुकानात तंबोऱ्याची ऑर्डर द्यायला आलेल्या माणसाच्या हाती आम्ही आधी एक छापील कागद ठेवतो. मजकूर एवढाच: ‘तंबोरा तयार व्हायला तीन ते चार महिने लागतील. पावसाळा मध्ये आला तर आणखी महिनाभर धरावा. गाणाऱ्याचा स्वर आणि वय, तारा चार की पाच, तंबोरा कुठल्या गावी राहणार, नक्षी आणि पॉलिशचा रंग हे ऑर्डरसोबतच लिहून द्यावे. दांडी जोडल्यावर स्वर बदलून मिळणार नाही.’ 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गिऱ्हाईक आता त्याबद्दल आवर्जून विचारतं, पण कागदाची शेवटची ओळ वाचून जरा नाराज होतं. ती ओळ आम्ही हट्टापायी घातलेली नाही, हे इथे सविस्तर सांगतो.

आधी महिन्यांचा हिशेब. तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. जाड सालीचा, कडू जातीचा हा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला शेतात पिकतो आणि पूर्ण वाळल्यावरच आमच्याकडे येतो. ऑर्डर आली की साठवणीतून हव्या त्या घेराचा भोपळा शोधायचा. त्याचं तोंड कापून, बिया काढून तो पाण्यात भिजवायचा, मऊ झाला की आत काठ्यांचा आधार देऊन आकार सरळ करायचा आणि पुन्हा वाळू द्यायचा. मग तुणीच्या लाकडाचा गळा बसतो, गळ्याला दांडी जोडली जाते, भोपळ्याच्या तोंडावर तबली चढते. प्रत्येक जोड पक्का वाळल्याशिवाय पुढचं काम धरता येत नाही. पॉलिश तर हाताने, पातळ थरांनी द्यायचं. हवा दमट असेल तर लाखेच्या पॉलिशवर पांढुरकी झाक धरते आणि तो थर घासून पुन्हा द्यावा लागतो. पावसाळ्यातला जादा महिना त्यासाठी. म्हणजे या तीन-चार महिन्यांत कारागिराचे हात चालतात थोडेच दिवस. उरलेला वेळ वाळण्याचा असतो आणि पैसे वाढवून तो कमी होत नाही.

आता माहितीचं. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्वर. ‘मुलीसाठी हवाय’ एवढं सांगून भागत नाही. पेटीवरची कुठली पट्टी षड्ज, ते हवं. पुरुष साधारण काळी एक ते काळी दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. काळी एकला तंबोऱ्याची जोडाची तार सेकंदाला सुमारे 139 वेळा कंप पावते, काळी चारला सुमारे 208 वेळा, म्हणजे दीडपट. तीच तार, तेवढ्याच लांबीवर दीडपट उंच चढवायची तर ताण दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट होतो. चारही तारांचा हा वाढीव ताण दांडीला वाकवतो आणि तबलीला दाबतो. तार बारीक लावली तर ताण घटतो, पण आवाजाचा भरणाही जातो. उलट काळी चारसाठी बांधलेला तंबोरा काळी एकला उतरवला तर ताण निम्म्याहूनही कमी राहतो, तार सैल पडते आणि तिचा झंकार उठत नाही.

म्हणून जेंट्स आणि लेडीज अशी दोन मापं पडली. जेंट्स तंबोऱ्याची दांडी लांब, भोपळा मोठ्या घेराचा; लेडीजमध्ये दोन्ही लहान. खर्जाला लांब तार आणि पोटात मोठी पोकळी लागते. ऑर्डरच्या पहिल्याच दिवशी भोपळा निवडताना आम्ही स्वर पाहतो तो यामुळे.

वय कशाला, असं पुष्कळजण विचारतात. एका उदाहरणाने सांगतो. परदेशात राहणाऱ्या एका वडिलांनी तेरा वर्षांच्या मुलासाठी तंबोरा सांगितला, स्वर काळी चार. वय वाचून मी फोन केला आणि म्हटलं, मुलाचा आवाज फुटायचाय, वर्षभर थांबा. त्यांना सुट्टीत येऊन घेऊन जायचा होता, म्हणून त्यांनी आग्रह धरला. आम्ही लेडीज मापाचा भोपळा घेतला. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. मुलाचा आवाज उतरला होता, आता गुरुजी काळी दोनला गाऊन घेत होते. “दांडी तेवढी लांब करा ना,” ते म्हणाले.

तोवर गळा, दांडी आणि तबली जोडून झाली होती. दांडी सोडवता येते, पण सांध्याची पकड पुन्हा पहिल्यासारखी येईलच असं नाही. शिवाय लांब दांडी लावली तरी भोपळा लहानच राहणार, खर्ज पोकळ वाजणार. घोडीही नव्या मापाप्रमाणे सरकवावी लागणार. मी त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. हाच तंबोरा ठरल्या स्वराचा पूर्ण करून न्या, किंवा तो आम्ही पूर्ण करून दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकतो, तुमची आगाऊ रक्कम नव्या जेंट्स तंबोऱ्यात धरतो आणि महिने पुन्हा पहिल्यापासून मोजतो. त्यांनी दुसरी वाट धरली. हाच फोन भोपळा भिजवण्याआधी आला असता तर त्याच दिवशी दुसरा भोपळा काढला असता आणि काहीच बिघडलं नसतं.

बदलाची मुभा अशी कामाच्या टप्प्यावर ठरते. तारा चारच्या पाच करायच्या असतील तर खुंट्यांची भोकं पाडण्याआधी सांगावं, कारण दांडीचं डोकं आणि घोडीची रुंदी त्यावर बेतलेली असते. नक्षी तबलीच्या कडेला चिकटवण्यापूर्वी बदलता येते. पॉलिशचा रंग पहिला थर चढेपर्यंत. त्यानंतर गडद करता येतो, फिका नाही. पहिल्या तारेवर पंचम ठेवायचा की मध्यम, हे मात्र रागाप्रमाणे गाणाऱ्यानेच खुंटी पिळून ठरवायचं, त्यासाठी आम्हाला कळवायची गरज नाही.

शेवटी जवारी. घोडीच्या माथ्याला कानशीने अगदी हलका उतार द्यायचा, तारेखाली सुताचा धागा सरकवत झंकार जिथे उघडतो ती जागा शोधायची. हे काम ठरलेल्या स्वरावर, ठरलेल्या जाडीच्या तारेवरच होतं. एखादा स्वर वरखाली झाला तर धागा सरकवून भागतं. त्याहून जास्त फरक पडला तर जवारी नव्याने काढावी लागते आणि दरवेळी घोडी थोडी झिजते. गाव विचारतो तेही यासाठीच. हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी होणाऱ्या घरी लाकूड आकसतं, तबली किंचित हलते आणि जवारी बिघडते. अशा ठिकाणी जाणाऱ्या वाद्याचं लाकूड आम्ही जास्त मुरलेलं निवडतो आणि हवेत ओलावा राखायला सांगतो.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी एक काम करावं. गुरूंसमोर आठवडाभर रोजच्या रियाजात पेटीवर पट्टी तपासावी. सकाळी खर्ज भरताना आणि तार सप्तकात गाताना, दोन्ही वेळा. जी पट्टी दोन्हीकडे पुरते ती कागदावर लिहावी. दोन पट्ट्यांत घोळ असेल तर दोन्ही लिहाव्यात. शेजारच्या दोन पट्ट्या एका तंबोऱ्यात बसवता येतात, त्याप्रमाणे आम्ही माप धरतो. पण स्वर अजून ठरलेलाच नसेल, तर आगाऊ रक्कम आम्ही घेत नाही.