पक्कं झालं आहे, पूर्णविराम

चूक माझी होती, आणि ती एका पूर्णविरामाची होती, हे आधीच सांगून टाकते.

मावसभावाच्या लग्नाचं रिसेप्शन भोपाळमध्ये, आमच्या अवधपुरीतल्या एका मॅरिज गार्डनमध्ये करायचं ठरलं. भेलच्या वसाहतीला लागून असलेल्या आमच्या या भागात अशी गार्डनं बरीच आहेत. मावशी राहते नगरला. बुकिंग तिच्या नावानं, पैसे तिचे, त्यामुळे गार्डनवाल्यांनी कन्फर्मेशनचं पत्र थेट तिच्या पत्त्यावर पाठवलं. एका बाजूला इंग्रजी, मागे हिंदी, आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: दोन्हींत फरक आढळल्यास इंग्रजी ग्राह्य. मावशीने फोटो काढून मला पाठवला. ‘तू साहित्याची ना? मग हे मला मराठीत लिहून दे.’

मी अर्ध्या तासात लिहून दिलं. अभिमानाने.

इंग्रजी वाक्याचा सरळ अर्थ असा होता: हे पत्र तुम्हाला मिळाल्यापासून सात दिवसांत चाळीस टक्के आगाऊ रक्कम आम्हाला मिळाली, तरच या पत्राने बुकिंग पक्कं होतं. इंग्रजीत हे सगळं एका वाक्यात होतं, आणि ‘सब्जेक्ट टू’ या दोन शब्दांवर उभं होतं. कायद्याच्या मराठीत त्याला ‘च्या अधीन राहून’ म्हणतात. ते मला रुक्ष वाटलं. मावशीला कळणार नाही असंही वाटलं (हे मात्र खरं होतं). म्हणून मी वाक्य तोडलं आणि लिहिलं: ‘आपलं बुकिंग पक्कं झालं आहे. पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत चाळीस टक्के रक्कम भरावी.’

वाचायला किती छान! पण मूळ वाक्यात पैसे पोहोचल्याशिवाय बुकिंग पक्कं होतच नव्हतं. माझ्या मराठीत ते आधीच पक्कं झालं होतं, आणि पैसे भरणं हे त्यानंतरचं एक काम उरलं होतं. मावशीने पहिलं वाक्य वाचलं, हुश्श केलं आणि कपडे खरेदीला लागली. त्यात कन्फर्मेशन म्हटलं की आमच्या घरात आधी दृढीकरणच आठवतं. बिशपांनी कपाळाला पवित्र तेल लावलं की झालं, सात दिवसांत आगाऊ रक्कम वगैरे काही नसतं. इंग्रजीतला ‘कन्फर्म्ड’ हा शब्द मात्र पुढे काय लिहिलंय त्यावर जगतो.

तारखा अशा होत्या. पत्रावरची तारीख 3 नोव्हेंबर. मावशीच्या हाती ते पडलं 6 नोव्हेंबरला. तिने 12 तारखेला चेक स्पीड पोस्टाने पाठवला. गार्डनच्या ऑफिसात तो पोहोचला 15 तारखेला. तोवर 28 डिसेंबरची ती संध्याकाळ 14 तारखेलाच दुसऱ्या कुटुंबाला दिली गेली होती.

मावशी फोनवर म्हणाली, ‘अगं, मी सातव्या दिवसाच्या आधीच पाठवला होता गं.’ आणि माझं भाषांतर हातात धरून तिचं म्हणणं बरोबरच होतं. ‘भरावी’ असं लिहिलं की माणूस भरण्याची कृती पाहतो. चेक लिहिला, पाकीट बंद केलं, पोस्टात दिलं, भरले पैसे. मूळ वाक्यात कर्ता वेगळा होता. तिथे प्रश्न मावशीने कधी पाठवले हा नव्हता, त्यांना कधी मिळाले हा होता. पोस्टाचे तीन दिवस कोणाच्या खात्यात धरायचे, हे त्या एका क्रियापदाने ठरत होतं. मी ‘मिळणे’चं ‘भरणे’ केलं आणि ते तीन दिवस मावशीच्या खात्यातून काढून गार्डनवाल्यांच्या खात्यात टाकले. अर्थात फक्त कागदावर.

आमच्या गल्लीत एक वकील काका राहतात. त्यांच्याकडे आम्ही हळूच विचारायला गेलो. ते म्हणाले, 1872 च्या करार कायद्याचं चौथं कलम तुमच्या मावशीला जवळजवळ आवडेल. एखाद्याचा प्रस्ताव आपण स्वीकारतो आणि स्वीकृतीचं पत्र पोस्टात टाकतो, तेव्हा प्रस्ताव देणारा त्या क्षणापासून बांधला जातो, पत्र त्याला अजून मिळालेलं नसलं तरी. ‘पण इथे त्यांनी पैसे “मिळाले पाहिजेत” अशी अटच घातली आहे. अट पाठवण्याने पुरी होत नाही.’ मग माझ्या भाषांतराकडे बघून त्यांनी विचारलं, ‘हे कोणी केलं?’ मी चहाचे कप उचलून आत गेले.

‘भरावी’चा आणखी एक घोळ आहे. ‘पाहुण्यांनी जेवून जावे’ यातही तेच रूप, आणि ‘उमेदवाराने ओळखपत्र आणावे’ यातही तेच. एकात आग्रह, दुसऱ्यात सक्ती. मराठी माणूस संदर्भाने ओळखतो, पण करारात संदर्भावर सोडून चालत नाही. इंग्रजीत ‘शॅल’ होतं. मागच्या हिंदीत ‘जमा करनी होगी’ होतं, तेही सक्तीचंच. मराठीत त्यासाठी ‘भरावी लागेल’ आहे, ‘भरणे बंधनकारक राहील’ आहे. मी निवडलेलं रूप तिन्हींत सगळ्यात सौजन्याचं होतं, आणि सौजन्याने बंधन सैल झालं. उलटही होतं. त्याच पत्रात पुढे लिहिलं होतं की लेखी विनंती केल्यास व्यवस्थापन मुदत वाढवू शकेल. मी ‘मुदत वाढवून मिळेल’ लिहिलं होतं. ‘शकेल’ गाळलं की त्यांची मर्जी संपते आणि आपला हक्क सुरू होतो. हक्क मी फुकटात वाटत होते!

आता सात दिवस. पत्र 6 तारखेला मिळालं, तर शेवटचा दिवस 12 की 13? मराठीत ‘सोमवारपासून सुट्टी’ म्हटलं की सोमवारी कोणी कॉलेजला येत नाही. म्हणजे आपल्या ‘पासून’मध्ये पहिला दिवस धरलेला असतो. कायद्याची मोजणी उलटी. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं नववं कलम सांगतं की कायद्यात ‘पासून’ला जो इंग्रजी शब्द वापरतात, त्याने पहिला दिवस वगळला जातो. ते कलम कायद्यांच्या भाषेसाठी आहे, गार्डनच्या पत्रासाठी नाही, पण करारातही सहसा असंच मोजतात, असं काका म्हणाले. म्हणजे 7 तारीख पहिला दिवस आणि 13 तारीख सातवा. मावशीने 6 पासून मोजून 12 धरली होती. त्या धांदलीतच तिने चेक 12 ला पोस्टात टाकला.

त्यात ‘आत’ हा शब्द आणखी फसवा. ‘सात दिवसांच्या आत’ ठीक आहे. पण कोणी ‘13 तारखेच्या आत’ म्हटलं तर 13 धरायची की नाही? मी हॉस्टेलमधल्या पाच जणींना विचारलं. तिघी म्हणाल्या 12 पर्यंत, दोघी म्हणाल्या 13 चालेल. ‘13 तारखेपर्यंत’ म्हटलं तेव्हा मात्र पाचही जणींनी 13 धरली. तेव्हापासून मी तारखेपुढे ‘आत’ लावत नाही.

28 डिसेंबर गेली, पण गार्डनवाल्यांनी 30 डिसेंबर दिली. नवं पत्र आलं, कलमं तीच. या वेळी मी एक संपूर्ण दुपार घालवली. आधी प्रत्येक कलमापुढे पेन्सिलने चार गोष्टी लिहिल्या: कोणी, काय, कधीपर्यंत, नाही केलं तर काय. मराठी नंतर. पहिलं कलम असं झालं: ‘हे पत्र ग्राहकाला मिळाल्याचा दिवस सोडून पुढच्या सात दिवसांत एकूण रकमेच्या चाळीस टक्के रक्कम व्यवस्थापनाला मिळाली, तरच बुकिंग पक्कं होईल.’ वाक्य थोडं जड आहे, पण ‘तरच’ने अट घट्ट धरली आहे. ‘दिवस सोडून’ हे मूळ पत्रात नाही, ते माझं आहे. म्हणून मी ते कलमातून काढलं आणि खाली वेगळ्या टिपेत लिहिलं: ‘प्रचलित मोजणीप्रमाणे. गार्डनला फोन करून विचारावं.’ भाषांतरकाराचं मत आणि कराराचा मजकूर एकाच ओळीत बसले की कोण कोणाचं बोलतंय हे कळत नाही.

तिसऱ्या कलमापाशी हिंदीने मला जवळजवळ पाडलं. ‘यदि तीन दिन के भीतर लिखित आपत्ति प्राप्त नहीं होती, तो शर्तें स्वीकृत मानी जाएँगी।’ भोपाळमध्ये वाढल्यामुळे माझ्या हातून सहज ‘आपत्ती’ लिहिलं गेलं. मावशीने वाचलं असतं की तीन दिवसांत भूकंप झाला नाही तर अटी मान्य! मराठीत तो शब्द ‘हरकत’. आणि गंमत म्हणजे ‘हरकत’ हिंदीत नेलं तर ती आगळीक होते. ‘मानी जाएँगी’ला मी ‘मान्य समजल्या जातील’ लिहिलं, ‘मान्य होतील’ नाही. मावशीने मान्य केलेलं नसतं, ते तसं समजणार असतात.

इथे काका हसले. 1862 मध्ये इंग्लंडमध्ये फेल्टहाऊस नावाच्या एका काकाने पुतण्याला लिहिलं होतं, तुझं काही उत्तर आलं नाही तर घोडा माझा झाला असं मी धरीन. पुतण्या गप्प राहिला, लिलाववाल्याने तो घोडा चुकून दुसऱ्याला विकला, आणि काका खटला हरला, कारण दुसऱ्याच्या गप्प बसण्यातून करार होत नाही. ‘मग हे कलम टिकेल का?’ मी विचारलं. ‘ते कोर्टात बघू. पण तू ते मराठीत दुरुस्त करू नकोस.’ खरंच मला मोह झाला होता. मूळ कलम लंगडं असेल तर मराठीतही ते लंगडंच चाललं पाहिजे, नाहीतर मावशी एक करार वाचणार आणि दुसऱ्यावर सही करणार.

शेवटी धाकट्या भावाला बसवलं. त्याने मूळ पत्र पाहिलेलं नव्हतं. त्याच्या हातात फक्त माझं मराठी आणि कॅलेंडर दिलं, आणि विचारलं: पैसे कोणाकडे पोहोचले पाहिजेत, शेवटचा दिवस कोणता, उशीर झाला तर काय, मुदत वाढवणं कोणाच्या हातात? चारपैकी तीन बरोबर आली. चौथं चुकलं, कारण मी ‘मुदत वाढवता येईल’ लिहिलं होतं आणि त्यात कर्ताच नव्हता. त्याला वाटलं आपणच वाढवायची. ‘व्यवस्थापन मुदत वाढवू शकेल’ असं केल्यावर चौथंही आलं.

पैसे या वेळी बँकेतून थेट गेले आणि त्याच दिवशी पावती आली. डिसेंबरात मावशीचा पुन्हा फोन. पाहुण्यांची संख्या कार्यक्रमाच्या किमान दहा दिवस आधी लेखी कळवायची होती. ‘30 तारखेच्या दहा दिवस आधी म्हणजे 20 ना? की 19?’ मी 20 म्हणाले, आणि का ते सांगायला लागले.

‘राहू दे,’ ती म्हणाली, ‘मी 18 लाच कळवते.’