चोथा बघायला लागल्यापासून

कॉफी कडू झाली तर दळण जाड करा, पाणचट झाली तर बारीक करा. हा नियम मी बरीच वर्षं पाळला आणि घरी पोअर-ओव्हर करणाऱ्या ओळखीच्यांनाही तोच सांगितला. आता पहिला उपाय म्हणून मी तो सांगत नाही. नियम खोटा नाही, पण पाणी सगळ्या पुडीतून सारखंच गेलं आहे असं त्यात धरलेलं असतं. घरच्या ड्रिपरमध्ये पुष्कळदा तसं होत नाही. आणि ते होत नाही तोवर ग्राइंडरचे क्लिक कितीही पुढेमागे केले तरी चव जागेवर येत नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

मत बदललं ते एका विचित्र चवीमुळे. चिकमगळूरची मध्यम भाजणीची अरेबिका, 15 ग्रॅम पूड, 250 ग्रॅम पाणी, शंकूच्या आकाराचा व्ही60 ड्रिपर. कप पाणचट होता, आणि तरी घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडत होती, मागे कडवटपणा रेंगाळत होता. माझ्या नियमात या कपाला जागाच नव्हती. पाणचट म्हणजे अर्क कमी उतरला, कडू-तुरट म्हणजे जास्त उतरला. मग एकाच कपात दोन्ही कसं? मी दळण बारीक केलं. रंग गडद झाला, कडवटपणा वाढला, पण मधला पोकळपणा तसाच राहिला. जाड केलं तर कडवटपणा थोडा कमी झाला आणि कॉफी आणखी पातळ लागली.

घड्याळानंही माझी दिशाभूल केली. एकूण वेळ पावणेतीन मिनिटांच्या आसपास येत होता, म्हणजे पुस्तकात देतात तसाच. पण मी गूजनेक किटलीची धार अगदी बारीक ठेवायचो, सेकंदाला जेमतेम 2 ग्रॅम, आणि तीही मधोमध. ब्लूमचं पाणी वजा जाता उरलेलं 205 ग्रॅम पाणी ओतायलाच शंभरेक सेकंद लागत. म्हणजे मी मोजत होतो तो माझ्या हाताचा वेग. कॉफीच्या थरातून पाणी किती सहज जातं हे त्या वेळेतून कळतच नव्हतं. खरी खूण डोळ्यांसमोर होती. ओतलेलं पाणी थरावर साचत नव्हतं, पडल्या पडल्या मध्येच गडप होत होतं. शेवटचा थेंब ओतल्यावर दहा-पंधरा सेकंदांत ड्रिपर रिकामा.

हे सगळं मी एका कॅफेत कॉफी बनवणाऱ्या मुलाला सांगितलं, तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, “काका, चोथा बघितलात का?” चोथा मी पेपरसकट टाकून देत होतो. दुसऱ्या दिवशी तो उजेडात धरून बघितला. मध्ये खोल खड्डा, आणि कडेनं पेपरला चिकटलेली पुडीची जाड भिंत. भिंत चमच्यानं मोडली तर आत एक फिकट, जवळजवळ कोरडी गुठळी होती. पाणी मधल्या खड्ड्यातून वाट काढून निघून गेलं होतं. त्या वाटेवरच्या पुडीतून गरज नसलेलंही सगळं धुऊन काढलं होतं, आणि कडेच्या पुडीला नीट स्पर्शही केला नव्हता. यालाच चॅनलिंग म्हणतात. कडवट-तुरट चव त्या वाटेवरून येत होती, पाणचटपणा कडेवरून, आणि कपात दोघांची बेरीज पडत होती.

अर्काचा सरासरी आकडा इथे उपयोगी पडत नाही. पुडीच्या वजनाच्या 18 ते 22 टक्के भाग पाण्यात उतरला तर कॉफी सहसा चांगली लागते, असं मानलं जातं. पण निम्म्या पुडीतून 24 टक्के आणि निम्मीतून 14 टक्के उतरले तरी सरासरी 19 येते. आकडा उत्तम, कप वाईट. दळण बदललं की दोन्ही बाजू एकत्र वर किंवा खाली सरकतात, त्यांच्यातली दरी भरत नाही. ही दरी भरायचं काम ओतणाऱ्या हाताचं आहे, हे मला चोथ्यानं पटवलं.

म्हणून मी दळण आणि तापमान तसंच ठेवलं आणि फक्त पाण्याकडे बघितलं. पहिला बदल ब्लूममध्ये. पूड घातल्यावर मध्ये बोटानं छोटा खळगा करायचा, 45 ग्रॅम पाणी सगळीकडे पडेल असं ओतायचं, आणि लगेच ड्रिपर हातात धरून दोन-तीनदा गोल हलवायचा, म्हणजे सगळी पूड एकसारखी ओली, चिखलासारखी दिसते. हे महत्त्वाचं आहे, कारण पाणी कोरड्या गुठळीत शिरत नाही, तिला वळसा घालून जातं. ब्लूममध्ये राहिलेली गुठळी शेवटपर्यंत तशीच राहते आणि तिच्या बाजूनं वाट पडते. ताज्या भाजलेल्या कॉफीत वायू जास्त असतो, तो बुडबुड्यांवाटे निघताना थर फोडतो, म्हणून 45 सेकंद थांबणं सोडू नये.

दुसरा बदल धारेत. 45व्या सेकंदाला ओतायला सुरुवात करून वीसेक सेकंदांत 150 ग्रॅमपर्यंत जायचं, म्हणजे सेकंदाला साधारण 5 ग्रॅम. मधून सुरू करून गोल फिरत बाहेर यायचं, पण पेपरपासून बोटभर आत थांबायचं. कडेला पडलेलं पाणी व्ही60च्या उभ्या वळणदार कडांमधून पेपरमागून खाली सरकतं, पुडीला न भेटताच कपात पोचतं. अशानं येणारा पाणचटपणा वेगळा असतो: त्यात तुरटपणा नसतो, कॉफी फक्त पातळ लागते.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि तिच्याबद्दल माझा समज अगदी उलटा होता. जितकं हळुवार आणि जवळून ओतू तितकं बरं, असं मी मानत होतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा 2025 मध्ये ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास वाचला. कॉफी अपारदर्शक असते, म्हणून त्यांनी काचेच्या शंकूत पारदर्शक कण घेऊन पाण्याची धार काय करते ते कॅमेऱ्यात टिपलं होतं. धार थरात खोल शिरते, कण उसळून कडेला जातात आणि दरड कोसळावी तसे पुन्हा मध्ये घसरतात. या घुसळण्यानं सगळे कण पाण्याला भेटतात. उंचावरून ओतलं की घुसळण वाढते, पण धार अखंड हवी. फार बारीक धार उंचावरून सोडली तर ती वाटेतच थेंबांत तुटते आणि थरात शिरत नाही. तुटलेली धार ऐकूही येते, टपटप आवाज येतो. माझी बारीक धार जवळून कमजोर होती आणि वर नेली तर तुटत होती. थोडी जाड धार, एक-दीड वीत उंचीवरून, हे दोन्ही अडचणींतून सुटायचं साधन ठरलं.

उरलेलं 100 ग्रॅम पाणी दीड मिनिटाला ओतून शेवटी एकदा हलकेच ड्रिपर फिरवला. ओतणं संपल्यावर पाणी उतरायला आता जवळपास एक मिनिट लागत होतं. चोथा सपाट, कडेला पातळ थर. कप भरीव, आणि गिळल्यावर जीभ स्वच्छ. दळण तेच, तापमान तेच.

यानंतर मी घुसळण्याच्या इतका बाजूचा झालो की ती जिथे तिथे वाढवू लागलो: चार-पाच वेळा ओतायचं, प्रत्येक वेळी उंचावरून, मग दर वेळी फिरवायचं. काही दिवसांत कप पुन्हा कडू झाला, आणि हा कडूपणा वेगळा होता. पोकळपणा अजिबात नाही, सरळ जड, घशाला धरणारी चव. ओतणं संपल्यावर पाणी उतरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत होतं, एकूण वेळ साडेचारच्या पुढे. चोथा अगदी सपाट, वर गुळगुळीत गाळाचा थर. दळताना थोडी पिठासारखी बारीक पूड होतेच. जास्त घुसळलं की ती खाली जाऊन पेपरची छिद्रं बुजवते. मग पाणी अडून राहतं आणि पुडीतून कडवटपणा काढत बसतं. इथे उपाय आधीच्या उलटा: दोनदाच ओता, दुसऱ्यांदा किटलीचं तोंड खाली आणा, शेवटचं फिरवणं सोडून द्या. ब्लूममधलं मात्र ठेवा, कारण तेव्हा पाणी कमी असतं आणि गुठळ्या मोडायलाच हव्यात.

म्हणून आता कोणी “कॉफी कडू होते” असं म्हटलं की मी दळण विचारत नाही. ओतणं संपल्यावर पाणी किती वेळात उतरलं आणि चोथा कसा दिसतो, एवढंच विचारतो. मध्ये खड्डा, कडेला भिंत आणि झटकन उतरलेलं पाणी असेल तर घुसळण वाढवायला सांगतो. वर गाळ आणि रेंगाळलेलं पाणी असेल तर कमी करायला. चोथा सपाट आहे, पाणी मिनिटभरात उतरतं आणि तरी कडू लागतं, तेव्हाच ग्राइंडर जाड करा किंवा पाणी दोन-तीन अंशांनी थंड करा. तसंच पाणचट लागलं तर दळण बारीक करा किंवा पूड ग्रॅमभर वाढवा. जुना नियम इथे चोख चालतो, कारण आता पाणी सगळ्या पुडीतून गेलेलं असतं.

काही कप मात्र हातानं सुधारत नाहीत. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीची चिकोरी घातलेली पूड व्ही60मध्ये कशीही ओतली तरी पेपर बुजतो. ती पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरसाठीच दळलेली असते. फार गडद भाजलेली कॉफी कडूच लागणार, तिला 88-90 अंशांचं पाणी आणि मोजकीच घुसळण द्यावी. आणि ज्या ग्राइंडरमधून निम्मी पूड पीठ आणि निम्मी रव्यासारखी पडते, तिथे दोन्ही खुणा एकाच चोथ्यात दिसतात, खड्डाही आणि गाळही. अशा वेळी मी ब्लूम नीट करून बाकीचं सगळं पाणी एकाच सलग, जवळून सोडलेल्या धारेत ओततो. त्यातून पिण्यासारखा कप मिळतो, पण त्याहून चांगला मिळवायचा असेल तर ग्राइंडरच बदलावा लागतो.