दोनावर, तिनावर

आमच्या बस्तीतल्या मंडळींनी दशलक्षण पर्वासाठी लहान मुलांची एक छोटी चित्रफीत करायचं ठरवलं. विषय होता पाणी गाळून पिण्याचा. काम माझ्या भाचीकडे आलं. ती हाताने चित्रं काढून ती हलवते. आता कागदाऐवजी पाटीवर काढते एवढंच, पण रेघ हाताचीच. पहिला तुकडा पाहायला चार-पाच जण आले. पाहून झाल्यावर एक अण्णा म्हणाले, "मुली, आजी मधेच थांबते की! चित्रं कमी काढलीस काय?"

भाची गप्प राहिली. तिच्या उजव्या मनगटाला तेव्हा पट्टा होता. मला मात्र गप्प बसवेना, कारण मी आठ दिवस तिच्या शेजारी बसून ते काम पाहिलं होतं. थांबवलेलं चित्र ही कामचुकारी नव्हे, हे मला समोर दिसत होतं.

हिशेब असा आहे. पडद्यावर एका सेकंदात चोवीस फ्रेमा सरकतात. प्रत्येक फ्रेमेला नवं चित्र दिलं तर चोवीस चित्रं लागतात, त्याला ते लोक 'एकावर' म्हणतात. एक चित्र दोन फ्रेमा ठेवलं तर बारा चित्रं पुरतात, ते 'दोनावर'. तीन फ्रेमा ठेवलं तर आठ, ते 'तिनावर'. आणि एखादं चित्र पंधरा-वीस फ्रेमा तसंच ठेवलं तर तो 'होल्ड'. कुठलं चित्र किती फ्रेमा राहणार हे एका तक्त्यावर आधी लिहायचं. त्याला एक्सपोजर शीट म्हणतात. दिसायला आपल्या दुधाच्या हिशेबाच्या वहीसारखाच, वरून खाली.

आता आजीचं पाणी ओतणं घ्या. तो तुकडा चार सेकंदांचा, म्हणजे शहाण्णव फ्रेमांचा. सुरुवातीला आजी कळशी धरून उभी आहे, ते एकच चित्र सोळा फ्रेमा. मग ती कळशी किंचित मागे, अंगाकडे घेते. जड भांडं ओतण्याआधी आपण सगळ्याच तसं करतो. ही हालचाल सावकाश, म्हणून चार चित्रं तिनावर, झाल्या बारा फ्रेमा. मग कळशी कलते. इथे वेग आहे, म्हणून सहा चित्रं दोनावर, बारा फ्रेमा. कळशी कलली की शेवटचं चित्र तसंच बत्तीस फ्रेमा थांबतं आणि पाणी पडत राहतं. मग कळशी सरळ होते, सहा चित्रं दोनावर, आणि उरलेल्या बारा फ्रेमा आजी उभी. मोजून पाहा, शहाण्णव भरतात. आणि आजीची चित्रं झाली सतरा.

अण्णांना जे 'थांबणं' दिसलं ते त्या बत्तीस फ्रेमांचं. पण तिथे पाण्याची धार वेगळ्या थरावर आहे. चार चित्रं, दोनावर, आठ फ्रेमांत एक फेरी, अशा चार फेऱ्या. घागरीच्या तोंडावरचं फडकं मधोमध जरा खाली दबतं, त्याची दोन चित्रं. आजीची पापणी एकदा मिटते, त्याचीही दोनच. आपण स्वतः पाणी ओततो तेव्हा तरी काय हलतं? हात स्थिर असतो आणि डोळा धारेवर असतो. आजीचं अख्खं अंग पुन्हा पुन्हा काढलं असतं तर प्रत्येक वेळी रेघ केसभर इकडे-तिकडे झाली असती आणि उभ्या बाईला थंडी वाजल्यासारखी दिसली असती. हा एकावरच्या कामाचा दोषच आहे, सावकाश हालचालीत तो फार उघडा पडतो.

म्हणून चित्रं किती यापेक्षा ती एकमेकांपासून किती दूर, हे महत्त्वाचं. कळशी कलताना भाचीने पहिली दोन चित्रं अगदी जवळजवळ काढली, मधली दोन लांब टाकली आणि शेवटची पुन्हा जवळ आणली. त्यामुळे कळशीला वजन आलं. तिने मला गंमत म्हणून तीच सहा चित्रं सारख्या अंतरावर काढून दाखवली. चित्रं तेवढीच, फ्रेमा तेवढ्याच, पण कळशी घड्याळाच्या काट्यासारखी फिरली. रिकामी वाटली. उलट तिनावर जलद हालचाल घेतली तर दोन चित्रांत एवढं अंतर पडतं की डोळा ती जोडत नाही आणि वस्तू उडी मारते. कुठे चुकलं ते ओळखायचं असेल तर तुकडा आवाज बंद करून पाहायचा. जिथे आपली नजर अडखळते, तिथे चित्र घालायचं. सगळीकडे घालायचं नाही.

हे काही आजचं नाही. जपानमध्ये ओसामू तेझुका यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही मालिका 1 जानेवारी 1963 ला दूरदर्शनवर सुरू झाली, दर आठवड्याला अर्धा तास. तेवढी चित्रं एकावर काढणं शक्यच नव्हतं. मग तिनावर काम, लांब होल्ड, बोलताना फक्त ओठ हलवणं, जुनी चित्रं पुन्हा वापरणं. काटकसरीतून आलेली ती रीत पुढे तिथली शैलीच झाली. आणि काटकसर नसतानाही ती कामी येते. 2018 च्या 'स्पायडर-मॅन'च्या अ‍ॅनिमेशनपटात नवशिका मुलगा काही प्रसंगांत दोनावर हलतो आणि मुरलेला स्पायडर-मॅन एकावर. मुलाचं अवघडलेपण त्यातूनच दिसतं. मला हे फार आवडलं.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं नाही. फक्त धारेवर बोट ठेवून म्हटलं, "अण्णा, इकडे बघा." दुसऱ्यांदा पाहताना ते आजीकडे पाहतच नव्हते. "बरं आहे," म्हणाले. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं.

खरी अडचण पुढच्या तुकड्यात होती, आणि ती कुणालाच नाव घेऊन सांगता आली नाही. "पाय कसेतरीच होतायत," एवढंच एक काकू म्हणाल्या. आजी फडक्यावरची जिवाणी परत विहिरीत सोडायला निघते. तिच्याबरोबर मागचं अंगणही सरकत होतं. अंगण सरकतं दर फ्रेमेला, आणि आजी दोनावर. म्हणजे एका फ्रेमेत पाय जमिनीला बरोबर टेकलेला, पुढच्या फ्रेमेत जमीन पुढे गेली आणि पाय तिथेच. म्हणून पाऊल थरथरत होतं. तिथे आजीला एकावर घेण्यावाचून गत्यंतर नाही. दोन पावलांची एक फेरी, म्हाताऱ्या चालीत बत्तीस फ्रेमा, म्हणजे सोळाऐवजी बत्तीस चित्रं. अंग, लुगडं, हातातलं भांडं, सगळं.

मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं असावं. मग तिने अंगण थांबवलं. आजी डावीकडून उजवीकडे स्थिर अंगणातून चालत जाईल असं केलं, तीच सोळा चित्रं. आजीचा थर पुढे सरकवायचा तोही दोनावरच सरकवला, नाहीतर पाय जमिनीवरून घसरले असते. विहिरीच्या काठाशी आजीला वीस फ्रेमा थांबवलं, आणि फडकं पाण्याकडे उलटलं ते मात्र एकावर, आठ चित्रांत.