पुतणीचे तीन ग्रुप

न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि पनवेलच्या पोरापोरींना एक नवे काम मिळाले. सीएचएच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या, कचेरीत कागद करायचे. आमची पुतणी सहा वर्षे हेच काम करते. आधी एच-कार्ड होते; मग कस्टमची परीक्षा देऊन तिने जी-कार्ड मिळविले, म्हणजे कागदांवर सही करण्याचा अधिकार आला. पगार मात्र जिथल्या तिथे. आयात करणाऱ्या कंपन्यांतल्या बऱ्याच जागा ओळखीपाळखीतून भरतात आणि तिथे आपला कोणी मामा-काका बसलेला नसतो.

म्हणून तिने मोबाईलवर लिंक्डइनचे खाते उघडले आणि दिसेल त्या ग्रुपात नाव घातले. एका रविवारी आम्ही दोघांनी मोजले, तर चाळीसच्या वर निघाले. बहुतेकांच्या नावात ‘जॉब’ हा शब्द. आत एक जाहिरात आणि खाली शेकडो जणांचे ‘इंटरेस्टेड सर’. अशा गर्दीत काम देणारा माणूस कशाला थांबेल? थांबतात ते नोंदणी फी मागणारे. तसले दोन तिच्याही मागे लागले होते.

मग आम्ही ग्रुप निवडायला बसलो. प्रत्येकात शेवटचे दहा मजकूर वाचले. तारखा ताज्या आहेत का? कोणी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळते का? उत्तर देणाऱ्याच्या नावावर बोट ठेवले की तो काय काम करतो ते दिसते; त्यात कंपन्यांचे आयात विभाग पाहणारे कोणी आहेत का? लाखभर सभासदांचे ग्रुप या परीक्षेत पडले. टिकले तीन: दोन कस्टम व आयात-निर्यातीचे, एक मालवाहतुकीचा. त्यातला एक बंदिस्त. चालकाने परवानगी दिल्यावरच आत घेतात आणि आतले बोलणे बाहेर दिसत नाही. आम्हाला तोच सर्वांत कामाचा वाटला.

पण नुसते सभासद होऊन काही घडत नाही. ग्रुपात उत्तर लिहिले की शेजारी नाव, फोटो आणि नावाखालची ओळ दिसते. मोबाईलवर त्या ओळीचे पहिले काही शब्दच मावतात. पुतणीच्या ओळीत होते ‘सीनिअर एक्झिक्युटिव्ह’. यावरून कोणाला काय कळणार? आम्ही ती बदलून लिहिली: ‘कस्टम जी-कार्ड, आयात क्लिअरन्स, न्हावा शेवा’. हेच शब्द खालच्या कामाच्या माहितीतही घातले, कारण माणसे शोधणारे शब्द टाकूनच शोधतात.

पुढे तिने आठवड्याला दोनच उत्तरे द्यायची असे ठरले, पण पुरी द्यायची. एकाने विचारले होते की बिल ऑफ एंट्रीला उशिराचा दंड का लागला. ‘नियम बघा’ असे तिघे सांगून मोकळे झाले. पुतणीने लिहिले की २०२१ च्या बदलानंतर समुद्रमार्गाने येणाऱ्या मालाचे बिल साधारणपणे जहाज लागण्याच्या आदल्या दिवसअखेर भरावे लागते, सुट्टी धरून. जवळच्या काही देशांपुरती सवलत आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,०००. मग तिने उलट विचारले: जहाज कोणत्या वारी लागले? रविवार निघाला. तिथेच चूक होती. त्यांनी सुट्टी वगळून दिवस मोजला होता. आपल्या कचेरीतल्या गिऱ्हाइकाचे नाव, कंटेनरचा नंबर यातले काहीच तिने लिहिले नाही. तसे लिहिणाऱ्याला कोणी विश्वासाचे काम देत नाही.

ग्रुप बरोबर निवडला की नाही हे कळायला एक जागा आहे. तुमचे पान कोणी पाहिले ते लिंक्डइन सांगते; फुकटच्या खात्यात मोजकीच नावे दिसतात, पण तेवढी पुरतात. आधी तिथे क्लासवाले आणि विमावाले असत. दीड महिन्याने तळोजा, रसायनी, भिवंडीकडचे आयात विभागातले लोक दिसू लागले. मालवाहतुकीच्या ग्रुपातून मात्र कोणीच आले नाही. तो तिने सोडला.

एक सावधगिरी आम्हाला उशिरा सुचली. आपण कोणत्या ग्रुपात आहोत हे आपल्या पानावर सर्वांना दिसते, म्हणजे सध्याच्या मालकालाही. प्रत्येक ग्रुपाच्या सेटिंगमध्ये ते लपविता येते. नोकरी शोधण्याचा ग्रुप असेल तर पहिल्या दिवशीच लपवावे.

एकाच ग्रुपातल्या माणसांना आधीची ओळख नसली तरी निरोप पाठविता येतो. महिन्याला थोडेच, पण येतो. तिसऱ्या महिन्यात असा एक निरोप तळोज्याच्या एका कारखान्यातून आला. त्यांनी शिफारस विचारली नाही. दंडाचे ते उत्तर वाचले होते आणि त्यांच्या स्वतःच्या तीन बिलांचे कागद समोर ठेवून चूक शोधायला सांगितले. दोन तिने जागच्या जागी दाखविल्या. तिसरीसाठी जहाजाची तारीख मागितली. पुढच्या सोमवारी पगाराचे बोलायला बोलाविले आहे.