तू तर इथलीच

गिरणगावातल्या आमच्याच चाळीवर प्रबंध लिहायचं ठरलं, तेव्हा सगळे म्हणाले, तुला काय, दारं उघडीच आहेत. होती खरी. रेकॉर्डर बघूनही काकू पोह्यांची बशी पुढे सरकवत. पण रात्री मुलाखती उतरवायला बसलं की कागदावर एकच वाक्य परत परत येई : 'तुला काय सांगायचं, तू तर इथलीच.' त्यापुढचं सगळं गिळलेलं.

मग मी विचारणं बदललं. 'काकू, तुमच्या नातीला सांगताय असं समजा.' पाळ्या, खाणावळी, नळावरची भांडणं, सगळं भरभरून बाहेर आलं. संप तेवढा आला नाही.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. माझे वडील साचेवाले. काही महिन्यांनी ते पोलीस बंदोबस्तात परत कामावर गेले. चाळीत हे सगळ्यांना ठाऊक, आणि मी त्यांची मुलगी. माझ्यासमोर संपाची गोष्ट सामंतांच्या सभांपासून सुरू होई आणि गावाकडून आलेल्या तांदळाच्या पोत्यांवर थांबे. कोण आत गेलं, कुणी बोलणं टाकलं, यातलं अक्षर नाही. चार घरांत गोष्ट नेमक्या त्याच जागी वळसा घेते, तेव्हा तो विसराळूपणा नसतो.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरकडच्या रामपुऱ्यात राहिले ते गावच्या मुखियाच्या आवारात. गाव आपल्याला वरच्या जातींच्या नजरेतून दिसलं, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिलं. त्यांची जागा निदान नकाशावर दाखवता येते. माझी जागा माझ्या आडनावात होती.

विदर्भातून आलेल्या एका मैत्रिणीला मी त्याच काकूंकडे पाठवलं. ती परतली, तेव्हा ध्वनिमुद्रणातली काही मिनिटं तिनं काढून टाकलेली. 'हे तिला नको सांगू, असं म्हणाल्या त्या,' एवढंच बोलली. मी आग्रह केला नाही. काकूंची संमती तिच्यापुरती होती. तिथं माझं शेजारपण चालवणं म्हणजे चोरीच.

पहिल्या प्रकरणात 'संशोधक याच वस्तीतली आहे' असा एक परिच्छेद टाकून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ती पळवाट वाटते. मी प्रत्येक मुलाखतीखाली लिहिलं : खोलीत आणखी कोण होतं, मी त्यांची कोण लागते, बोलणं कुठं वळलं. काकूंच्या मुलाखतीखाली लिहिलं, की पुढचा भाग संशोधकाला उपलब्ध नाही, कारण ती अमक्याची मुलगी आहे.

वडिलांची मुलाखतही मैत्रिणीनंच घ्यावी, असं मी सुचवलं. त्यांनी तिला चहा दिला आणि साफ नकार दिला. म्हणाले, 'विचारायचंय ना? मग हिनं विचारावं.'