झाकलेली गळती

अंग किती बाहेर येतं, हे मोजताना कौमार्यपटलाची पातळी शून्य धरतात. रुग्णाला जोर करायला लावायचं आणि योनिमार्गाचा सगळ्यात खाली उतरलेला भाग त्या शून्यापासून किती अंतरावर येतो ते पाहायचं. एक सेंटिमीटर वरपासून एक सेंटिमीटर खालीपर्यंत असेल तर दुसरा टप्पा, त्याहून खाली उतरलं तर तिसरा, आणि जवळजवळ सगळं उलटून बाहेर आलं तर चौथा. १९९६ साली मांडलेली ही पद्धत मला पाठ होती. तरी साठीतल्या एका शेतकरी बाईंच्या बाबतीत मी चुकले.

"सकाळी काही नसतं बाई, सांजच्याला पार बाहेर येतं," असं त्या म्हणाल्या होत्या. मी त्यांना सकाळीच, झोपवून तपासलं. संकोचून त्या हलकंच खोकल्या. मूत्राशयामागची पुढची भिंत शून्याच्या अर्धा सेंटिमीटर खाली आली आणि मी दुसरा टप्पा लिहिला. त्यांचं सांगणं आणि माझं मोजमाप जुळत नव्हतं. अशा वेळी उभं करून, किंवा दिवसभर काम झाल्यावर पुन्हा तपासायला हवं होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर तीच भिंत चार सेंटिमीटर बाहेर आली, तेव्हा भूल दिल्यावर सगळंच सैल पडतं, अशी मी माझी समजूत घातली.

यापेक्षा मोठी चूक एका प्रश्नाच्या उत्तरात होती. खोकताना-शिंकताना लघवी गळते का, असं मी विचारलं. "आधी व्हायचं, आता कित्येक दिवसांत नाही." मी कागदावर 'नाही' एवढंच लिहिलं. खरं तर त्यांच्या दुखण्याची खूण याच वाक्यात होती. मूत्राशय खाली लोंबलं की मूत्रमार्ग पाण्याच्या रबरी नळीसारखा दुमडतो आणि गळती थांबते. मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार मात्र कमकुवतच असतो. अंग वर बसवलं की ती दुमड सुटते.

मी गर्भपिशवी काढली आणि दोन्ही भिंती शिवून घेतल्या. टाके चांगले भरले. काही आठवड्यांनी त्या आल्या, तेव्हा खोकल्याबरोबर लुगडं ओलं होत होतं. त्यांनी एसटीने प्रवास करणं सोडलं होतं, भजनाला जाणंही सोडलं होतं. "आधी निदान आत ढकलता तरी येत होतं," त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रियेआधीची तपासणी सोपी होती. मूत्राशयात सुमारे तीनशे मिली पाणी भरायचं, चिमट्यात धरलेल्या कापसाच्या बोळ्याने अंग वर धरायचं आणि जोरात खोकायला सांगायचं. बोळ्याने मूत्रमार्ग दाबला जाऊ नये, नाहीतर गळती पुन्हा झाकली जाते. तेव्हा गळती दिसली असती, तर त्याच वेळी मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवायची की आधी अंग बसवून गळतीचं नंतर पाहायचं, हे त्यांनाच ठरवता आलं असतं. पट्टी सरसकट सगळ्यांनाच बसवावी, असंही नाही. गळतीची तक्रार नसलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पट्टी बसवलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के स्त्रियांना तीन महिन्यांनी गळती होती, न बसवलेल्यांपैकी ४९ टक्के. पण पट्टीच्या गटात मूत्राशयाला इजा होणं आणि लघवी नीट न होणं हे जास्त दिसलं.

अंग वर धरून ठेवण्यासाठी योनीत बसवायच्या रिंगचा पर्याय तर मी त्यांच्यापुढे ठेवलाच नव्हता. दर तीन महिन्यांनी तपासायला यावं लागेल, त्यांना ते कुठे जमणार, हे मीच ठरवून टाकलं. काही आठवडे रिंग घातली असती तर बिनशस्त्रक्रियेचा आराम कसा वाटतो ते त्यांना कळलं असतं, आणि अंग वर गेल्यावर गळती होते का हे मलाही.

त्यांनी तीन महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम केले. गळती कमी झाली, पण थांबली नाही. शेवटी शहरातल्या एका शल्यविशारदांकडून पट्टी बसवून घ्यावी लागली. त्यांना आराम पडला, पण दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागली आणि भातलावणीचा हंगाम हातचा गेला.

तेव्हापासून मी बहुतेकींना आधी रिंग घालून पाहायला सांगते. योनिमुख फार रुंद असेल तर ती निसटते. पांढरं जास्त जाऊ लागलं किंवा रक्ताचा डाग दिसला तर रिंग काढून जखम पाहते आणि भरून येईपर्यंत इस्ट्रोजेनचं मलम देते. रिंग बसल्यावर खोकताना लघवी गळाली, तर ते मी त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून ठेवते, आणि पुढचं बोलणं तिथून सुरू होतं.